घरी शुगर ९४ आणि लॅबमध्ये ११०, दरवर्षी हेच होत असेल तर

प्रॉब्लेम असा आहे. ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप जानेवारीत असतं, गेली तीन वर्षं माझी फास्टिंग शुगर १०९, ११२, ११० अशी येतेय आणि रिपोर्टवर तो आकडा ठळक करून बाजूला बाण. घरी आईचा ग्लुकोमीटर आहे, त्यावर सकाळी मोजलं की ९२, ९४, ९६. म्हणजे घरी मी नॉर्मल आणि लॅबच्या खुर्चीत बसलो की प्रीडायबेटिक. पहिल्या वर्षी मी म्हटलं मशीन खराब असेल, दुसऱ्या वर्षी म्हटलं लॅब खराब असेल, तिसऱ्या वर्षी मात्र बायको म्हणाली की प्रत्येक वेळी दुसऱ्याचंच काहीतरी खराब कसं असतं रे, मग बसलो शोधायला. ज्यांना असाच फरक दिसतोय त्यांच्यासाठी, लॅबच्या टेन्शनने आणि सकाळच्या एका सवयीने माझी शुगर किती चढते हे मी कशा क्रमाने तपासलं ते लिहितोय.

आकडे आधी डोक्यात ठेवा. आठ तास उपाशी राहून १०० च्या खाली म्हणजे नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ किंवा वर आला आणि दुसऱ्यांदाही तसाच आला तर डायबेटिस. इथे जे काही सांगतोय ते त्या मधल्या पट्ट्याच्या काठावरच्या लोकांसाठी आहे, जिथे आठ-दहा पॉइंटनी खरंच फरक पडतो. फास्टिंग १४० येत असेल तर ते टेन्शनवर ढकलू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

पहिला संशय ग्लुकोमीटरवर घ्यायचा, आणि तो रास्त आहे. चांगल्या मीटरलाही साधारण १५ पॉइंट इकडेतिकडे माफ असतात, तसं मानकच आहे, म्हणजे ९४ दाखवतंय तेव्हा लॅबमध्ये १०५ आले तरी मीटर कायद्याने निर्दोष. त्यात आपली चूक वेगळी. संक्रांतीच्या दिवसांत एकदा सकाळी १३८ आले, मी हादरलो, मग लक्षात आलं की आदल्या मिनिटाला पोरीच्या डब्यात तिळगूळ भरला होता आणि बोटाला गूळ होता. साबणाने हात धुऊन, कोरडे करून परत मोजलं तर ९७. सॅनिटायझर चोळून गूळ जात नाही, नळाखाली धुवा.

पण मीटर खोटं बोलतंय की शरीर खरंच बदलतंय हे कळायला एक सोपी युक्ती आहे, मीटर सोबत लॅबमध्ये घेऊन जायचं. मी रिपीट टेस्टच्या दिवशी घरी सव्वासहाला मोजलं, ९४. मग तोच मीटर, त्याच डबीतली स्ट्रिप, लॅबमध्ये ताई दंडाला पट्टा बांधायच्या आधी पाच मिनिटं बोट टोचलं, वेळ सात पन्नास, आकडा १०६. ताईंनी शिरेतून रक्त घेतलं त्याचा रिपोर्ट संध्याकाळी आला ११०. म्हणजे एकाच वेळी मोजल्यावर मीटर आणि लॅब यांच्यात फरक फक्त चारचा, दोघंही बरोबरच म्हणायचे. फरक पडला तो सव्वासहा ते सात पन्नास या दीड तासात, आणि या दीड तासात मी पाण्याशिवाय काही खाल्लं-प्यायलं नव्हतं. बरं, एका दिवसाच्या एका आकड्यावर जाऊ नका, मीटरच्या त्या १५ पॉइंटच्या खेळात असा फरक योगायोगानेही दिसू शकतो. पण नंतरच्या दिवसांतही दिशा तीच राहिली.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. मला वाटायचं टेन्शनमुळे रीडिंग 'खोटं' येतं. तसं नाहीये. शुगर त्या क्षणी रक्तात खरंच वाढलेली असते आणि लॅब ती प्रामाणिकपणे मोजते. खाल्लं नाही तरी ती येते कुठून, तर लिव्हरमधून. रात्रीच्या उपासानंतरही लिव्हरमध्ये साठवलेली साखर शिल्लक असते, ग्लायकोजेन म्हणतात तिला. भीती वाटली, धावपळ झाली, सुई दिसली की ॲड्रिनलीन सुटतं, ते लिव्हरला सांगतं की माल बाहेर काढ, आणि त्याच वेळी पॅनक्रियाजला सांगतं की इन्शुलिन जरा आवर. दोन्हीकडून शुगर वरच जाणार. हे काम मिनिटांत होतं. दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल, ते सावकाश चढतं आणि तासन् तास टिकतं, शिवाय पहाटे ते तसंही वर असतं आणि उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी चढतं. त्यामुळे आदल्या रात्री 'उद्या रिपोर्ट काय येतोय' म्हणून एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडलेला माणूस सकाळी लॅबला पोचतो तो आधीच थोडा वर चढलेला असतो.

आता माझं खरं कारण, जे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लॅबच्या समोर टपरी आहे. फास्टिंग आहे म्हणून चहा घ्यायचा नाही एवढं मी अगदी काटेकोर पाळायचो, चहावाल्याला हात जोडून नको म्हणायचो, आणि मग चहा नाही तर निदान सुट्टा तरी म्हणून एक सिगरेट ओढून वर जायचो. सिगरेटमध्ये कुठे साखर असते असा माझा हिशोब. साखर नसते हे बरोबर, पण निकोटिन रक्तात गेलं की ते ॲड्रिनलीनच सोडायला लावतं, म्हणजे सुईच्या भीतीने जे बटण दाबलं जातं तेच बटण. वर सिगरेटमुळे काही काळ इन्शुलिनचं कामही नीट होत नाही. मी घाबरून आधीच एक बटण दाबलेलं असायचं आणि टपरीवर तेच दुसऱ्यांदा दाबून वर जायचो.

सिगरेटचा वाटा किती आणि लॅबच्या भीतीचा किती हे वेगळं काढायचं असेल तर दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर काही कळत नाही. मी आधी सिगरेट घरी तपासली, लॅबचा संबंध नाही, रविवार आणि सुट्टीच्या सकाळी. तीन दिवस उठल्यावर मोजलं, एक ओढली, अर्ध्या तासाने परत मोजलं: ९४ चे १०३, ९२ चे ९९, ९६ चे १०६. मग तीन दिवस तसंच पण सिगरेट नाही, नुसतं पेपर वाचत बसलो, तर ९३ चे ९५, ९५ चे ९९, ९२ चे ९५. म्हणजे काही न करताही सकाळी दोन-चार पॉइंट आपोआप चढतात, ते पहाटेच्या कॉर्टिसॉलचं देणं, आणि सिगरेट ओढली की त्यावर आणखी पाच-सहा. एक सांगून ठेवतो, ही माझी एकट्याची गोष्ट आहे आणि घरगुती मीटरची आहे, तुमचा आकडा कमी येईल किंवा जास्त, काहींना फरक दिसणारही नाही. आणि जे सिगरेट ओढत नाहीत त्यांनी प्रयोगासाठी ओढायला जाऊ नये हे सांगायची गरज नसावी, तरी सांगितलं.

सिगरेटवाल्यांपेक्षा मला काळजी वाटते ती मिश्रीवाल्यांची. आमच्या आत्याला लॅबमध्ये विचारलं 'काही खाल्लं-प्यायलं का, स्मोकिंग करता का', तिने ठणकावून नाही सांगितलं, आणि खरंच सांगितलं, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, उठल्याउठल्या हिरड्यांना पंधरा-वीस मिनिटं लावून बसलं की निकोटिन तोंडाच्या कातडीतून सरळ रक्तात. तंबाखू-चुना मळून गालात धरणाऱ्यांचंही तेच. फॉर्मवर 'स्मोकिंग: नाही' लिहिलेलं असतं आणि माणूस निकोटिन भरून खुर्चीत बसलेला असतो. घरातल्या मोठ्या माणसांना टेस्टला नेत असाल तर 'स्मोकिंग' विचारू नका, 'सकाळी मिश्री लावली का, तंबाखू खाल्ला का' असं सरळ विचारा. त्या दिवशी दात साध्या पेस्टने घासले तर काही बिघडत नाही, फक्त पेस्ट गिळू नका.

परत माझ्याकडे. पुढच्या वेळी लॅबला गेलो तो सिगरेट न ओढता. शेवटची आदल्या रात्री जेवणानंतर. सांगायला सोपं आहे, पण रोज ओढणाऱ्याला सकाळी ती न मिळणं हेही एक टेन्शनच असतं, म्हणून लवकरचा नंबर घेतला, उठल्यापासून तासाभरात काम उरकेल असा. बाकी सगळं नेहमीसारखं, म्हणजे स्कूटरवरून सिग्नलला शिव्या देत, पार्किंग मिळेना म्हणून घाई, दोन मजले जिने, आणि टोकन नंबर लागलेलाच होता म्हणून थेट खुर्चीत. रिपोर्ट १०४. सहा पॉइंट गेले, घरी सिगरेटचा जेवढा हिशोब निघाला होता साधारण तेवढेच.

मग उरली ती लॅबची भीती. मला सुईची भीती लहानपणापासून आहे, रक्त बघितलं की तळवे गार पडतात, एकदा कॉलेजमध्ये ब्लड डोनेशनला नुसता बघायला गेलो होतो तिथे चक्कर येऊन पडलोय. तुम्हाला भीतीचा त्रास आहे की नाही हे ओळखायची एक खूण म्हणजे नाडी आणि बीपी. तिथे पोचल्यावर मनगटाला हात लावून नाडी मोजा. माझी घरी ७० च्या आसपास असते, लॅबच्या खुर्चीत ९८. ज्यांचं बीपी दवाखान्यात वर आणि घरी नॉर्मल असतं, ज्याला पांढऱ्या कोटाची भीती म्हणतात, त्यांनी शुगरच्या बाबतीतही हा संशय घ्यायला हरकत नाही. नाडी घरच्यासारखीच शांत असेल आणि तरी शुगर ११० येत असेल तर मात्र भीतीला दोष देऊ नका.

त्याच्या पुढच्या वेळी, साधारण दोन आठवड्यांनी, मी एवढंच केलं: अर्धा तास आधी रिक्षाने गेलो, जिने सावकाश चढलो, आणि ताईंना सांगितलं की मला सुईची भीती आहे, वीस मिनिटं बसून मग घ्या, आणि आडवं करून घ्या. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, 'दादा, रोज चार जण असतात, आधी सांगत नाहीत आणि मग माझ्या अंगावर पडतात.' आत एक कॉट होती, त्यावर झोपवलं, मी भिंतीकडे तोंड केलं, त्यांनी काय बोलता बोलता घेतलं कळलंही नाही. नाडी ७८ होती. रिपोर्ट १०१.

म्हणजे ११० मधले सहा सिगरेटचे, तीन भीती आणि घाईचे. हिशोब इतका बरोबर जुळला त्यात थोडा नशिबाचाही भाग आहे, कारण कुठल्याही माणसाची फास्टिंग शुगर एका दिवसातून दुसऱ्या दिवशी पाच-सहा टक्के अशीच इकडेतिकडे होते, काही कारण नसतानाही. पण दिशा पाहिली तर गोष्ट स्पष्ट आहे, आणि हेही स्पष्ट आहे की सगळं काढून टाकल्यावरसुद्धा आकडा १०० च्या खाली काही गेला नाही. त्याकडे येतो.

मधे एक खड्डा आहे त्यात मी पडलो होतो, तुम्ही पडू नका. कुणी म्हणेल एवढी यातायात कशाला, घरी सँपल घ्यायला माणूस बोलवायचा, भीतीच नाही. मी एकदा बोलावला होता, आणि आले ९५. मी खूष, म्हटलं सिद्ध झालं, सगळं टेन्शनच होतं. मग डॉक्टरांनी विचारलं सँपल लॅबला किती वाजता पोचलं. तो पोरगा माझ्याकडे साडेसहाला आला होता आणि पुढे आणखी सात-आठ घरं करून साडेनऊनंतर लॅबला गेला होता. नळीत काढलेलं रक्त जिवंत असतं, त्यातल्या पेशी साखर खात राहतात, आणि साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होते. त्यासाठी शुगरचं सँपल करड्या झाकणाच्या नळीत घेतात, त्यात फ्लोराइड असतं, ते हे खाणं थांबवतं, पण तेही लगेच नाही, पहिला तास-दीड तास थोडी गळती होतेच. म्हणून घरचं ९५ आणि लॅबचं १०४ यांची तुलना करून 'नऊ पॉइंट भीतीचे' असा निष्कर्ष काढणं चूक. तुलना करायचीच तर दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये जाऊन तिथेच द्या. घरी बोलवलंत तर झाकणाचा रंग बघा आणि तुमचं घर त्याच्या फेरीत शेवटचं ठेवायला सांगा.

आणि पीपीबद्दल, म्हणजे खाल्ल्यानंतर दोन तासांनी मोजतात ती शुगर. फास्टिंग दिलं, नाश्ता केला, आता दोन तास काढायचेत. या दोन तासांत लोक काय करतात ते लॅबच्या खालच्या टपरीवर उभं राहून बघा. नाश्त्यानंतरची सिगरेट ही सगळ्यात गोड लागते हे ओढणाऱ्यांना माहीत आहे, आणि नेमकी तेव्हाच इन्शुलिनला नाश्ता निस्तरायचा असतो. ग्लुकोज पाजून जी टेस्ट करतात त्यात तर दोन तास धूम्रपान बंद आणि एका जागी बसणं हे नियमातच आहे. साध्या पीपीलाही तेच पाळा. उलट दोन तास फेऱ्या मारून शुगर खाली आणणारेही असतात, तीही आपलीच फसवणूक.

उपास किती, यावर दोन ओळी. आठ ते बारा तास पुरेत. रात्री साडेसातला जेवून सकाळी दहाला लॅबला पोचणारे साडेचौदा तास उपाशी असतात, भूक आणि चिडचिड वेगळी. कोरा कॉफी-चहाही नको, कॅफिनही ॲड्रिनलीन सोडायला लावतं. पाणी भरपूर प्या, शीर सापडायला बरं. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या सकाळी घ्यायच्या की नाही ते ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

आता ते १०१. डॉक्टरांकडे मी सगळे आकडे वहीत लिहून नेले, थोडा शहाणपणा दाखवायचा बेत होता की बघा, तुमचा प्रीडायबेटिस कसा उडवला. त्यांनी वही नीट वाचली आणि एचबीए१सी करायला सांगितलं. ती टेस्ट गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्या सकाळी तुम्ही घाबरलात की सिगरेट ओढलीत याचा तिच्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे 'टेन्शनमुळे वाढली का खरंच आहे' या भांडणाचा निकाल तीच लावते. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. तिलाही मर्यादा आहेत, लोह कमी असेल तर ती थोडी जास्त दाखवते, आणि थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल सेल असेल, जो विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच घरांत असतो, तर आकडा कुठेही भरकटू शकतो, अशांनी आधी तसं सांगावं. माझं हिमोग्लोबिन व्यवस्थित होतं. एचबीए१सी आलं ५.७.

डॉक्टर म्हणाले, 'नऊ पॉइंट लॅबचे आणि सिगरेटचे होते हे मान्य, पण उरलेले तुमचे आहेत.' आणि मग दुसरं वाक्य, जे मला जास्त लागलं: 'आणि टेस्टच्या दिवशी एक सिगरेट तुमची शुगर पाच पॉइंट वर नेते, तर रोजच्या आठ काय करत असतील?' मी म्हटलं, टेस्टच्या आधी नाही ओढली. ते म्हणाले, ते टेस्टला कळलं, लिव्हरला कुठे माहीत आहे टेस्ट कधी आहे.

एचबीए१सी तीन महिन्यांनी परत आहे, त्याच लॅबमध्ये. त्यात फास्टिंगही आहेच, त्यामुळे ताईंना आधीच सांगून ठेवलंय कॉट रिकामी ठेवा. रोजच्या आठवरून सध्या तीनवर आलोय, टपरीवाला विचारतो भाऊ दिसत नाही हल्ली.